येण्याआधी एक फोन

लग्नाला चार महिने झालेलं एक जोडपं वाकडला राहतं. दोघंही आयटीत. मुलाचे आईवडील चिंचवडला, स्कूटरने पंचवीस मिनिटांवर. फ्लॅट घेताना सुरुवातीची रक्कम वडिलांनी आपल्या प्रॉव्हिडंट फंडातून दिली, हप्ते मुलगा आणि सून मिळून भरतात. बिल्डरकडून किल्ल्यांचे तीन जोड मिळाले होते. त्यातला एक आईबाबांकडे गेला. कुणी मागितला नव्हता आणि कुणी ठरवून दिलाही नव्हता. सामान लावण्याच्या गडबडीत त्यांच्याकडे राहिला तो राहिलाच.

सुनेचं काम अमेरिकेतल्या टीमबरोबर चालतं. रात्री साडेबारापर्यंत मीटिंगा, त्यामुळे सकाळी उठायला नऊ वाजतात. एका बुधवारी दहाच्या सुमारास ती अंघोळ करून, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली, तर हॉलमध्ये सासरे पेपर वाचत बसलेले. स्वयंपाकघरात सासूबाई डब्यातली मेथीची भाजी पातेल्यात काढत होत्या. सासऱ्यांनी पेपर तोंडासमोर उंच धरला. ती उलट पावली आत गेली. थोड्या वेळाने सासूबाई दाराशी येऊन म्हणाल्या, "अगं, झोपली असशील म्हणून बेल नाही वाजवली. झोपमोड नको तुझी."

त्या वाक्यात दुष्टपणाचा लवलेश नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. छळणाऱ्या सासूशी कसं वागावं याबद्दल आपल्याकडे भरपूर बोलून झालं आहे. पण मेथीची भाजी घेऊन, बेल न वाजवता, प्रेमाने आत येणाऱ्या सासूला काय सांगायचं? तिचा मान राखून, तिला परकं न करता, "येण्याआधी कळवा" हे कसं म्हणायचं? या जोडप्याने ते एकदा चुकीच्या पद्धतीने सांगितलं आणि मग नीट सांगितलं. दोन्ही वेळा काय झालं ते मला दोघांकडूनही ऐकायला मिळालं, आणि त्यांच्या संमतीने ओळखीच्या खुणा वगळून इथे लिहिते आहे.

पहिल्यांदा मुलाने ऑफिसातून फोन केला. जेवणाची सुट्टी, मागे कँटीनचा गलका. "आई, येताना जरा फोन करत जा ना. तिला असं अचानक आलेलं आवडत नाही." आई म्हणाली, "बरं." फोन संपला आणि मुलाला वाटलं, झालं काम.

आईच्या कानात त्यातला एकच शब्द राहिला, "तिला". मुलाला तर काहीच अडचण नव्हती. लग्नाआधी तीस वर्षं त्याच्या खोलीत ती दार न वाजवताच जात होती. म्हणजे अडचण सुनेला आहे, आणि चार महिन्यांत तिने मुलाला आपल्याविरुद्ध बोलायला लावलं. आठवड्याभरात ही गोष्ट नाशिकच्या मावशीपर्यंत पोचली. पुढच्या बुधवारी भाजीचा डबा आला, पण खाली वॉचमनच्या टेबलावर. वर कुणी आलंच नाही.

बोलणं बिघडलं हे ओळखण्याच्या खुणा अशाच असतात. उघड भांडण होत नाही. डबा वॉचमनकडे राहतो. फोनवर "तुम्हाला वेळ असेल तर" असं सुरू होतं. मुलाला एकट्यालाच फोन येतो आणि शेवटी "तिलाही सांग विचारलं म्हणून" असं पुरवणीसारखं जोडलं जातं. या खुणा दिसल्या की "होईल हळूहळू ठीक" म्हणून सोडून देऊ नये, कारण या गोष्टी आपोआप ठीक होत नाहीत, मुरतात.

दुसऱ्या वेळी काय वेगळं केलं, ते सावकाश सांगण्यासारखं आहे.

आधी दोघं एकमेकांशी बोलले. सुनेला नेमकं काय खुपतं हे तिने स्वतःलाही तोवर नीट विचारलं नव्हतं. विचारल्यावर कळलं की सासूबाईंनी स्वयंपाकघरात येऊन डबे उघडले, मसाल्याचा डबा लावून दिला, याचं तिला काहीच वाटत नव्हतं. उलट बरंच वाटायचं. तिला नको होतं ते एवढंच: कामाच्या दिवशी सकाळी न कळवता येणं, बेल न वाजवता दार उघडणं, आणि आपल्या मागे बेडरूममधलं कपाट लावून ठेवणं. मुलालाही त्या कपाटाचं कधी जाणवलं नव्हतं. ती म्हणाली, "माझे आतले कपडे आईंनी घडी घालून ठेवलेले असतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं." यानंतर त्याने "तिला आवडत नाही" हे वाक्य कायमचं टाकून दिलं. आपल्या बायकोचा संकोच जपणं ही त्याची स्वतःची गरज झाली.

हा टप्पा बहुतेक जोडपी गाळतात. सगळी तक्रार एकाच मोटेत बांधून नेतात, आणि सासूला वाटतं की आपलं येणंच नको आहे. खुपणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढल्या की त्या बऱ्याचदा दोनतीनच निघतात.

मग तो चिंचवडला गेला. शनिवारी दुपारी चारला, चहाच्या वेळी, एकटा. एकटा का? बायको शेजारी गप्प बसली असती तर तिनेच हे घडवून आणलं असं वाटलं असतं, आणि बोलली असती तर सून उलटून बोलली असं झालं असतं. आईवडील आपले असतील तर बोलायचं काम आपलं, हा यातला पहिला नियम, आणि याला मी तरी अपवाद पाहिलेला नाही. मुलाने आपल्या आईवडिलांशी बोलावं, मुलीने आपल्या. रक्ताच्या नात्यात एखादा शब्द जड गेला तरी दुसऱ्या दिवशी तो पुसला जातो. सुनेचा किंवा जावयाचा तोच शब्द दहा वर्षांनी बारशात निघतो.

बाबाही घरी असतील अशी वेळ त्याने धरली, म्हणजे एकीने दुसऱ्याला निरोप सांगायचा प्रश्न उरला नाही. सणाचा दिवस टाळला. आणि आईबाबा त्यांच्या घरी आले असताना तर बोललाच नाही, कारण दारात आलेल्या माणसाला "असं येऊ नका" म्हणणं हे आपल्याकडे हाकलून देण्यासारखंच आहे. बोललेलं पटलं नाही तर आपल्या घरात माणसाला उठून आत तरी जाता येतं. मुलाच्या घरात तेही करता येत नाही.

बोलणं साधारण असं झालं.

"आई, बाबा, त्या दिवशी मी फोनवर घाईत आणि चुकीचं बोललो. तिचं नाव घ्यायला नको होतं. जे हवंय ते मला हवंय."

आई गप्प.

"आम्ही रात्री उशिरापर्यंत काम करतो. सकाळी घर कसंही असतं, आम्ही कसेही असतो. तुम्ही येता ते मला हवंच आहे. पण तुम्ही येणार हे आदल्या दिवशी कळलं तर आम्ही तुमच्याजवळ बसू शकू. आत्ता तुम्ही येता आणि आम्ही लॅपटॉपला डोळे लावून बसतो."

"म्हणजे आता मुलाच्या घरी यायचं तर परवानगी काढायची?" आईने विचारलं. "आम्ही पाहुणे झालो का?"

हा प्रश्न येतोच. शब्द थोडेफार बदलतात, प्रश्न हाच. याला उत्तर देताना पुष्कळ मुलं वादात शिरतात: जमाना बदलला, प्रत्येकाला स्पेस हवी असते, आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या घरी असंच असतं. त्यातल्या एकाही वाक्याने आईचं समाधान होत नाही, कारण तिने पद्धतीबद्दल विचारलेलंच नसतं. तिचा प्रश्न असतो, की माझी जागा गेली का? या मुलाने वाद घातला नाही. तो म्हणाला, "पाहुणे असता तर इतकं मोकळेपणाने बोललो असतो का? एक आड एक रविवार आपला पक्का. दुपारी जेवायला या, संध्याकाळपर्यंत थांबा. मधे कधी यावंसं वाटलं तर आदल्या दिवशी किंवा सकाळी फोन कर. आणि एखाद्या वेळी मी 'आज नको आई, उद्या ये' म्हणेन. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. तूही मला तसं सांगत जा."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. कारण "फोन करून या" एवढंच ठरलं तर फोन येतो तो सोसायटीच्या गेटातून: "आम्ही खाली आलोय, पाच मिनिटांत वर येतो." ही नुसती सूचना झाली, तिला नाही म्हणताच येत नाही. फोनला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा समोरचा "आज नको" म्हणू शकतो, आणि ते म्हणण्याची सवलत आधी, शांतपणे, मागून ठेवावी लागते. ऐन वेळी पहिल्यांदा "आज नको" म्हटलं तर ते थोबाडीत बसल्यासारखं लागतं.

मग किल्लीचा विषय. सून म्हणाली होती, किल्ली परत आण. मुलाने ते केलं नाही आणि माझ्या मते बरोबर केलं. दिलेली वस्तू परत मागितली की त्याचा एकच अर्थ निघतो, अविश्वास. शिवाय दोघं एकाच वेळी घराबाहेर असताना नळ उघडा राहिला, गॅसचा वास आला, कुणी आत अडकलं, तर पंचवीस मिनिटांवरची किल्ली लाखमोलाची. तो म्हणाला, "किल्ली तुमच्याकडेच राहू दे. तुमच्याशिवाय कुणाकडे ठेवणार? फक्त आम्ही घरी असू तेव्हा बेल वाजवत जा, आम्ही दार उघडू. घरी नसू आणि तुम्हाला जायला सांगितलं असेल तेव्हा किल्ली वापरा." कपाटाचा विषयही त्याने त्याच ओघात घेतला: "आणि आई, आमची खोली आम्हालाच आवरू दे. पसारा असला तरी असू दे."

आई पुन्हा गप्प. बोलले ते बाबा. "मलाही त्या दिवशी बरं नाही वाटलं," ते म्हणाले. "पोरगी अशी समोर आली आणि मला तोंड कुठे लपवू असं झालं. मी हिला म्हटलं होतं बेल वाजव म्हणून."

हे त्या मुलाला अनपेक्षित होतं. मला मात्र ते अगदी स्वाभाविक वाटतं, कारण आपल्याकडच्या जुन्या माणसांना आगाऊ वर्दी देण्याचा संस्कार नवा नाही. जुन्या घरांत पुरुषमाणूस माजघराकडे यायचा तो खाकरत, चपला वाजवत, उंबऱ्याशी थबकून. आत सुना असतील, पदर सावरतील, एवढा अवधी तो देत असे. सासऱ्याने खाकरणं हा त्या घरातला बेलचा आवाज होता. ओसरी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर अशी एकामागोमाग जागा असल्यामुळे माणूस बाहेरून आत यायला वेळ लागे, आणि तो वेळ आतल्यांच्या कामी येई. गावाहून येणारा पाहुणाही आधी कार्ड टाकायचा की अमुक दिवशी दुपारच्या गाडीने येतो आहे. आजच्या फ्लॅटचं दार थेट हॉलमध्ये उघडतं आणि हॉलमधून बेडरूमचं दार दिसतं. पडवी गेली, माजघर गेलं, खाकरणंही गेलं आणि हातात किल्ली आली. म्हणून कुणी म्हटलं की फोन करून जायचं हे पाश्चात्त्य फॅड आहे, तर मला ते मान्य नाही. मुलगा जे मागत होता ते त्याच्या आजोबांनी न मागता दिलं असतं.

यानंतरचे तीनचार आठवडे निर्णायक असतात, आणि बहुतेक प्रयत्न तिथेच फसतात.

आईवडील येणं थांबवतात. पूर्णच. पक्का ठरलेला रविवारही "बाबांचे गुडघे दुखताहेत" म्हणून टळतो. हा रुसवा असतो, आणि रुसवा काढायचा असतो हे आपल्याला शिकवावं लागू नये. पण नव्या जोडप्याला तेव्हा शांतता मिळालेली असते आणि ते ती उपभोगत बसतात. सासूसासऱ्यांना त्यातून एकच गोष्ट कळते: आपण आलो नाही तर कुणाचं काही अडत नाही. मग भेटीगाठींचं वेळापत्रक वगैरे सगळं कागदावर राहतं आणि घरात कायमचा गारठा येतो.

वाकडच्या मुलाने बुधवारी सकाळी दहाला आईला फोन करायला सुरुवात केली. बुधवारी दहाला, कारण आई त्याच वेळी यायची. रिकामी झालेली वेळ नेमकी तीच होती. दहा मिनिटं बोलायचा. काय भाजी केली, बाबा बँकेत गेले का, एवढंच. आणि सुनेने स्वतःचा वाटा उचलला. पहिल्या टळलेल्या रविवारानंतर तिने सासूबाईंना फोन केला. "आई, पुढच्या रविवारी वालाचं बिरडं करायचं म्हणतेय. वाल कधी भिजत घालायचे आणि सोलायचे कसे ते दाखवायला तुम्हाला यावंच लागेल. मोड आलेले वाल माझ्याकडून धड सोलले जात नाहीत." सासूबाई म्हणाल्या, "शुक्रवारी रात्री भिजत घाल, शनिवारी सकाळी उपसून बांधून ठेव." आणि रविवारी सकाळी साडेदहालाच दोघं आले. बेल वाजवून.

या घराकडून मी जे शिकले ते हे, की "नाही" मुलाने म्हणायचं आणि "या" सुनेने म्हणायचं. बहुतेक घरांत याच्या उलट चालतं. मुलगा आईला सगळ्याला हो म्हणतो आणि नकाराचं ओझं बायकोच्या चेहऱ्यावर टाकतो. आणि ती वाईट ठरते. सुनेच्या तोंडून आलेल्या आमंत्रणाचं वजन मुलाच्या आमंत्रणापेक्षा कितीतरी जास्त असतं. मुलगा बोलावणारच, त्यात काय मोठंसं. पण सून बोलावते म्हणजे त्या घरात आपल्याला जागा आहे, हे सासूला त्यातून कळतं. जावयाच्या आमंत्रणालाही सासूसासऱ्यांच्या लेखी हीच किंमत असते.

आता दुसरी बाजू, जी नेहमी विसरली जाते. सुनेचे आईवडील साताऱ्याचे. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, असं पाळणारी पिढी फार जुनी नाही. आता ते बंधन गेलं आणि चांगलंच झालं. शिवाय 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलीकडे जायचं तर खर्चाचा विचार करावा लागत नाही. तर झालं असं, की चिंचवडच्या आईशी बोलणं झालं त्याच महिन्यात साताऱ्याहून सुनेची आई येऊन पाच दिवस राहिली आणि तिने मुलीच्या बाल्कनीतल्या झोपाळ्यावरचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. चिंचवडला तो दिसला. "त्यांना पाच दिवस चालतं, आम्हाला एक तास चालत नाही," असं आई म्हणाली आणि तिला खोटं म्हणता येत नव्हतं.

मुलीने तेव्हा साताऱ्याला जाऊन आपल्या आईवडिलांना तेच सांगितलं, त्याच शब्दांत: आधी कळवा, आणि कधी "पुढच्या आठवड्यात ये" म्हटलं तर रागवू नका. आणि ही गोष्ट मुलाने चिंचवडला मुद्दाम कळवली. नियम दोन्हीकडे सारखा आहे हे कळलं तेव्हा कुठे आईच्या मनातली सल गेली. दोन्ही घरांशी एकाच आठवड्यात बोलायला हवं होतं, असं ते दोघं आता म्हणतात.

जवळच राहणाऱ्यांचं असं. लांबून मुक्कामाला येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, आणि तो मुख्यतः दिवसांचा असतो. लातूरहून किंवा कुडाळहून आलेल्या आईवडिलांना "किती दिवस राहणार?" असं विचारणं मराठीत अशक्य आहे; कसंही विचारलं तरी ते "कधी जाणार?" असंच ऐकू येतं. यावर मी पाहिलेला सगळ्यात सभ्य उपाय म्हणजे तिकीट मुलाने काढून देणं, येण्याचं आणि जाण्याचं एकदमच. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी सुटतं, तेव्हा "बाबा, बाराची येण्याची आणि सतराची परतीची काढतोय, खालचा बर्थ मिळतोय" असं म्हटलं की तारखा ठरतात आणि ठरवल्यासारख्याही वाटत नाहीत. घर वन बीएचके असेल तर चारपाच दिवसांपलीकडे ताणू नये. तिथे आईवडिलांना बेडरूम देऊन जोडपं हॉलमध्ये गादी घालून झोपतं, आणि तसं करणंच योग्य आहे, पण नव्या लग्नात महिनाभर तसं राहिलं की दोघांमधलं बोलणं कुजबुजीवर येतं. लांबचा मुक्काम हवाच असेल तर मधे चार दिवस बहिणीकडे, चार दिवस काकांकडे असं फिरणं आधी ठरवावं. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण व्हिजिटर व्हिसावर तिथे साधारण सहा महिने राहता येतं आणि एवढं भाडं खर्चून गेलेली माणसं तेवढे राहतातही. नव्या लग्नात पहिल्याच वर्षी सहा महिन्यांचं तिकीट काढू नये, दीडदोन महिन्यांचं काढावं.

पहिल्या वर्षाचं आणखी एक असतं: सण. आषाढात काही घरांत सून माहेरी जाते. श्रावणात पहिली मंगळागौर, मग गौरीगणपती, दिवाळसण, संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने. त्यात अधिक महिना आला की जावयाला तेहतीस अनारशांचं वाण. प्रत्येक सणाला कुणाकडे जायचं, कोण येणार, किती दिवस, हे ऐन वेळी ठरवायला गेलं की दोन्हीकडची मनं दुखावतात. वाकडच्या जोडप्याने वर्षाच्या सुरुवातीला एक कालनिर्णय दोन्हीकडच्या आयांसमोर वेगवेगळं ठेवलं आणि म्हटलं, तुम्हाला कोणते दिवस हवेतच तेवढे सांगा. चिंचवडच्या आईने संक्रांत आणि गौरी मागितल्या. साताऱ्याच्या आईने मंगळागौर आणि दिवाळसण. एकही तारीख एकमेकींवर आली नाही. सणांचे दिवस असे हक्काने मिळाले की मधल्या बुधवारांचा आग्रह आपोआप सुटतो, हे मी त्या घरात आणि नंतर आणखी दोनतीन घरांत पाहिलं.

ही सगळी पद्धत कुठे लागू पडत नाही तेही सांगायला हवं. आई एकटी असेल, नुकतंच वडिलांचं झालं असेल, कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर "आदल्या दिवशी फोन कर" हे बोलण्याची ती वेळ नव्हे. दुसरं, फ्लॅट वडिलांच्या नावावर असेल किंवा हप्ते तेच भरत असतील, तर बेल वाजवायची विनंती करता येते, पण घर आमचं आहे या सुरात बोलता येत नाही. तिथे आधी पैशांचं सरळ करावं, निदान हप्त्याचा काही भाग तरी आपल्याकडे घ्यावा. आणि तिसरं, हे सगळं प्रेमाने येणाऱ्या माणसांसाठी आहे. सुनेचा फोन तपासणं, पगार मागणं, माहेरी जाऊ न देणं, अंगावर ओरडणं असं चालू असेल तर तो भेटीगाठींचा विषय उरत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या सतराव्या कलमाने बाईला एकत्र नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कुणाच्याही नावावर असो. 181 ही महिला हेल्पलाइन त्यासाठीच आहे. तिथे चहाला बसून गोड बोलण्यात वेळ घालवू नये.

सासूसासऱ्यांनाही एक सांगायचं आहे. मुलाने असं बोलायला तोंड उघडलं तर त्याला ते सोपं गेलेलं नसतं. त्याने आठवडाभर वाक्यं जुळवलेली असतात. "आम्ही पाहुणे झालो का" हा प्रश्न मनात आला तर जरूर विचारा, पण उत्तर ऐकल्यावर पुढच्या रविवारी जा. गुडघे दुखत असले तरी जा. रिक्षाने जा.

आणि ज्यांच्या घरी येत्या मोसमात लग्न आहे, त्यांना माझी विनंती आहे. याद्या करायला दोन्ही घरं एकत्र बसतात तेव्हा मानपान, कार्यालय, जेवणाची ताटं, कोणी कुणाला काय नेसवायचं हे तासन् तास बोललं जातं. त्याच बैठकीत, मुलामुलीला शेजारी बसवून, एवढंही ठरवून टाका: त्यांच्या घराची किल्ली कुणाकडे राहील, आणि दोन्हीकडच्यांनी तिकडे जायचं ते फोन करून, बेल वाजवून. लग्नाआधी हे बोललं तर ते ठरवणं होतं. लग्नानंतर चार महिन्यांनी तेच बोललं तर तक्रार होते.